गेज, फ्लो मीटर आणि मोटरच्या रीडिंगवरून पंपाची कार्यक्षमता काढताना: क्रम, हिशेब आणि नेहमीच्या चुका

एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा योजनेवर मला एक तक्ता दाखवला गेला. त्यात एका पंपाची कार्यक्षमता ४७ टक्के काढली होती आणि पुढच्या रकान्यात 'पंप बदलणे' असा शेरा होता. तक्त्यातली रीडिंग पुन्हा घेऊन पाहिली, तर ती जवळजवळ सगळी बरोबर होती. चुकला होता तो हिशेब. तीच रीडिंग नीट जागी ठेवल्यावर कार्यक्षमता ६९ टक्क्यांच्या वर आली. पंप थकला होता, पण बदलण्याइतका नव्हता.

तेव्हापासून हाच पंप मी उदाहरण म्हणून वापरतो, कारण त्या तक्त्यात झालेल्या तिन्ही चुका मला ठिकठिकाणी दिसतात. व्हॅक्युम वजा केला जातो, उंचीचा फरक आणि वेगाचे हेड सोडून दिले जाते, आणि मोटरच्या नेमप्लेटवरचे किलोवॅट शाफ्टची शक्ती म्हणून धरले जातात. खाली त्याच पंपाचा हिशेब पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडला आहे.

पंप आडवा, एंड-सक्शन जातीचा, मोटरला कपलिंगने थेट जोडलेला. मोटर ४५ किलोवॅटची, चार पोलची. पाणी पंपाच्या खालच्या पातळीवरच्या संपातून उचलले जाते, म्हणजे सक्शनला व्हॅक्युम आहे. सक्शन पाइप आतून २०० मिलिमीटर, डिलिव्हरी पाइप गेजच्या जागी आतून १५० मिलिमीटर.

## टप्पा १: रीडिंगच्या आधी जागा तपासा

सगळ्यात आधी डिलिव्हरी गेज कुठे बसवले आहे ते पाहा. ते पंपाच्या तोंडाशी, एनआरव्ही आणि स्लुइस व्हॉल्व्हच्या अलीकडे हवे. व्हॉल्व्हच्या पलीकडे गेज असेल आणि व्हॉल्व्ह अर्धवट दाबलेला असेल, तर व्हॉल्व्हमध्ये खर्च झालेला दाब गेजला दिसतच नाही. मग व्हॉल्व्हचा दोष पंपाच्या नावावर लागतो. पंप विनाकारण बदलले जाण्यामागे मी पाहिलेले हे सगळ्यात मोठे कारण आहे.

गेजची श्रेणीही पाहा. ४ किलोच्या आसपासच्या दाबाला ० ते ७ किलोचे गेज योग्य. त्याच जागी ० ते २५ किलोचे गेज असेल, तर काटा डायलच्या एका कोपऱ्यातच हलतो आणि ०.२ किलोची वाचनचूक सहज होते. ०.२ किलो म्हणजे २ मीटर हेड, आपल्या उदाहरणात चार टक्क्यांहून जास्त.

फ्लो मीटर इलेक्ट्रोमॅग्नेटिक असेल, तर त्याच्या आधी साधारण पाच व्यास आणि नंतर दोन-तीन व्यास सरळ पाइप हवा, आणि पाइप पूर्ण भरून वाहायला हवा. बाहेरून लावायचे अल्ट्रासॉनिक मीटर वापरत असाल, तर आधी दहा आणि नंतर पाच व्यास सरळ पाइप शोधा. या मीटरमध्ये पाइपचा बाहेरचा व्यास आणि जाडी हाताने भरावी लागते. आतल्या व्यासात दोन टक्के चूक झाली, तर क्षेत्रफळात आणि म्हणून प्रवाहात चार टक्के चूक होते. जाडी अंदाजाने भरू नका, जाडी मोजण्याच्या यंत्राने मोजा. जुन्या पाइपला आतून गंजाचा थर असतो, तोही लक्षात घ्या.

शेवटी टेप घेऊन सक्शनच्या टॅपिंगपासून डिलिव्हरी गेजच्या मध्यापर्यंतची उभी उंची मोजा. आपल्या पंपावर ती १.१ मीटर आली.

पडताळणी: पंप बंद असताना दोन्ही गेजचे कॉक हवेकडे उघडा. काटे शून्यावर यायला हवेत. येत नसतील, तर जितका फरक दिसेल तितका लिहून ठेवा किंवा गेज बदला.

इशारा: पंप आणि मीटर यांच्यामध्ये बायपास किंवा फाटा असेल, तर तो पूर्ण बंद आहे याची खात्री करा. नुसते हँडल फिरवून खात्री होत नाही. व्हॉल्व्हवर कान लावला, तर गळत्या व्हॉल्व्हचा आवाज ऐकू येतो.

## टप्पा २: पंप स्थिर होऊ द्या, मग सगळे एकदम वाचा

पंप सुरू करून किमान पंधरा-वीस मिनिटे नेहमीच्या स्थितीत चालू द्या. या वेळात गेजच्या नळ्या तयार करून घ्या. हे काम बहुतेक जण करत नाहीत, म्हणून ते जरा जवळून सांगतो.

डिलिव्हरी गेजचा कॉक हवेकडे किंचित उघडा. आधी फस्सकन हवा येईल, मग हवामिश्रित पाणी, मग सलग धार. सलग धार आली की बंद करा. आता नळी पाण्याने भरलेली आहे आणि गेज दाखवते तो दाब गेजच्या मध्याच्या पातळीचा आहे. व्हॅक्युम असलेल्या सक्शनच्या बाजूला नेमके उलट करायचे. तिथला कॉक क्षणभर हवेकडे उघडला, की नळीतले पाणी पाइपात ओढले जाते आणि नळीत हवा राहते. त्यामुळे तिथले रीडिंग टॅपिंगच्या पातळीचे असते, गेज कितीही वर बसवलेले असो. म्हणूनच मघाशी उंची सक्शनच्या टॅपिंगपासून मोजली. सक्शनला व्हॅक्युमऐवजी दाब असेल, तर तीही नळी पाण्याने भरायची आणि उंची गेजच्या मध्यापासून मोजायची.

काटा थरथरत असेल, तर गेजचा कॉक जवळजवळ बंद करा. काटा संथ होईल, सरासरी वाचता येईल. कॉक पूर्ण बंद करू नका, नाहीतर अडकून पडलेला दाब वाचला जाईल.

नंतर तीन माणसे लावा: एक गेजपाशी, एक फ्लो मीटरपाशी, एक पॅनेलपाशी. दर दोन मिनिटांनी एकदम, असे पाच वेळा वाचा आणि सरासरी घ्या. सकाळचा प्रवाह, दुपारचे गेज आणि लॉगबुकातले कालचे किलोवॅट एकत्र करून हिशेब होत नाही, कारण संपाची पातळी आणि व्होल्टेज दोन्ही दिवसभर बदलतात.

आपल्या पंपाची सरासरी अशी आली: डिलिव्हरी ४.२ किलो, सक्शन व्हॅक्युम २२० मिलिमीटर पारा, प्रवाह २०० घनमीटर प्रति तास, मोटरने घेतलेली वीज ३९.२ किलोवॅट.

## टप्पा ३: एकूण हेड

पंपाने पाण्याला किती उंचीची ऊर्जा दिली, हे काढायचे आहे. पाणी पंपात शिरताना त्याची स्थिती काय होती आणि बाहेर पडताना काय झाली, यातला फरक म्हणजे हेड. शिरताना पाणी शून्याच्याही खाली होते. तिथून ते आधी शून्यावर आणले, मग वर चढवले. त्यामुळे व्हॅक्युम मिळवायचा. सक्शनला दाब असता, तर तो वजा केला असता, कारण तेवढे काम पंपाआधीच झालेले असते.

```
हेड = डिलिव्हरी गेज + व्हॅक्युम + उंचीचा फरक + वेगाच्या हेडमधला फरक
      (सगळे मीटरमध्ये)
```

थंड, स्वच्छ पाण्यासाठी १ किलो म्हणजे १० मीटर. गेज बारमध्ये असेल, तर १ बारचे १०.२ मीटर. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून २२० मिलिमीटर पाऱ्याचे २२० × १३.६ = २,९९२ मिलिमीटर, म्हणजे २.९९ मीटर पाणी.

आता वेगाचे हेड. २०० घनमीटर प्रति तास म्हणजे सेकंदाला ०.०५५६ घनमीटर. २०० मिलिमीटर पाइपात वेग सेकंदाला १.७७ मीटर, १५० मिलिमीटरमध्ये ३.१४ मीटर. वेगाच्या वर्गाला २ × ९.८१ ने भागले की अनुक्रमे ०.१६ आणि ०.५० मीटर येतात. फरक ०.३४ मीटर. दोन्ही पाइप एकाच व्यासाचे असतील, तर हा आकडा शून्य.

```
४२.०० + २.९९ + १.१० + ०.३४ = ४६.४३ मीटर
```

त्या जुन्या तक्त्यात ४२ मधून ३ वजा करून ३९ मीटर धरले होते. एका उलट्या चिन्हाने आणि सोडून दिलेल्या दोन छोट्या आकड्यांनी सात मीटरहून जास्त हेड गेले.

इशारा: संपाची पातळी आणि उंच टाकीची पातळी यातला फरक म्हणजे पंपाचे हेड नव्हे. पाइपलाइनमधले घर्षण त्यात येत नाही. हेड गेजवरूनच काढा.

पडताळणी: साध्या सेंट्रिफ्युगल पंपावर गेज आणि इम्पेलर दोन्ही एकदम तपासता येतात. डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, अर्ध्या मिनिटाच्या आत दोन्ही गेज वाचा आणि लगेच उघडा. या वेळी वेगाचे हेड शून्य धरा. येणारे हेड कंपनीच्या कर्व्हवर शून्य प्रवाहाला जे आहे त्याच्याशी जुळायला हवे. बरेच कमी आले, तर गेज चुकीचे आहे, फेरे कमी आहेत, किंवा कधीतरी इम्पेलर घासून लहान केला आहे. अॅक्सियल-फ्लो पंपावर हे मुळीच करू नका, तिथे व्हॉल्व्ह बंद केल्यावर मोटरवरचा भार वाढतो.

## टप्पा ४: प्रवाह आणि पाण्याला मिळालेली शक्ती

```
पाण्याची शक्ती (किलोवॅट) = प्रवाह (घनमीटर/तास) × हेड (मीटर) ÷ ३६७

२०० × ४६.४३ ÷ ३६७ = २५.३ किलोवॅट
```

३६७ हा आकडा पाण्याची घनता, गुरुत्वाकर्षण आणि तासाचे सेकंद यांतून आलेला आहे. प्रवाह लिटर प्रति मिनिटमध्ये असेल, तर आधी ०.०६ ने गुणून घनमीटर प्रति तास करा. लिटर प्रति सेकंद असेल, तर ३.६ ने गुणा.

फ्लो मीटरवर आंधळा विश्वास ठेवू नका. संप असेल, तर त्याची परीक्षा घेण्याचा उत्तम उपाय हाताशीच आहे. संपाचा इनलेट बंद करा, पंप चालू ठेवा आणि दहा मिनिटांत पातळी किती उतरली ते पट्टीने मोजा. आपला संप आतून ८ मीटर × ६ मीटर, म्हणजे ४८ चौरस मीटर. २०० घनमीटर प्रति तास खरे असेल, तर दहा मिनिटांत ३३.३ घनमीटर जायला हवेत, म्हणजे पातळी ६९ सेंटिमीटर उतरायला हवी. आमची ६८ उतरली. मीटर विश्वासाचे ठरले. ही चाचणी वेगळी करा. पातळी उतरताना व्हॅक्युम वाढतो, म्हणून त्या दहा मिनिटांतली गेजची रीडिंग मुख्य हिशेबात घेऊ नका.

## टप्पा ५: मोटरने घेतलेली वीज

पॉवर अॅनालायझर लावला असेल, तर तो थेट किलोवॅट दाखवतो. त्याला पुन्हा पॉवर फॅक्टरने गुणू नका. किलोवॅटमध्ये पॉवर फॅक्टर आधीच आलेला असतो. व्होल्टेज आणि करंट वेगळे मोजले असतील, तरच तो लागतो:

```
१.७३२ × ४०८ व्होल्ट × ६४ अँपिअर × ०.८६७ ÷ १००० = ३९.२ किलोवॅट
```

व्होल्टेज तिन्ही फेजमधले, करंट तिन्ही फेजचा, आणि दोन्हींची सरासरी. पॉवर फॅक्टर मोटरच्या फीडरवरचा हवा. इनकमरवरच्या मीटरचा घेतला, तर कपॅसिटर बँकेने सुधारलेला ०.९८ वगैरे दिसतो आणि मोटरची वीज तेरा टक्क्यांनी फुगते.

अॅनालायझर नसेल आणि त्या पंपापुरता स्वतंत्र एनर्जी मीटर असेल, तर त्याचा लुकलुकणारा दिवा मोजा. आपल्या मीटरवर युनिटला ३२०० पल्स लिहिले होते, सीटी १००/५ म्हणजे गुणक २०. स्टॉपवॉचने १०० पल्सला ५७.४ सेकंद लागले.

```
३६०० × १०० ÷ (३२०० × ५७.४) × २० = ३९.२ किलोवॅट
```

दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला, तेव्हा खात्री पटली. काही मीटरमध्ये सीटीचा गुणक आधीच भरलेला असतो, तिथे पुन्हा २० ने गुणू नका.

इशारा: व्हीएफडी असेल, तर त्याच्या आउटपुटवर साधा क्लँप मीटर चुकीचे दाखवतो. व्हीएफडीच्या इनपुटवर मोजा आणि व्हीएफडीची स्वतःची कार्यक्षमताही हिशेबात धरा.

## टप्पा ६: शाफ्टची शक्ती

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते, म्हणून थांबून समजून घ्या. नेमप्लेटवर ४५ किलोवॅट लिहिले आहे, याचा अर्थ पूर्ण भारावर मोटर शाफ्टवर ४५ किलोवॅट देऊ शकते. आत्ता ती तेवढे देते आहे असे नाही, आणि तेवढी वीज घेते असेही नाही. आत्ता ती ३९.२ किलोवॅट घेते आहे. त्यातला काही भाग मोटरमध्येच उष्णता होऊन जातो, उरलेला शाफ्टवर येतो.

```
शाफ्टची शक्ती = मोटरने घेतलेली वीज × मोटरची कार्यक्षमता
३९.२ × ०.९३ = ३६.५ किलोवॅट
```

०.९३ कुठून आले? या मोटरच्या प्लेटवर ९३ टक्के लिहिले आहे, पण ते पूर्ण भारावरचे. ३६.५ ला ४५ ने भागले की भार ८१ टक्के येतो. पाऊण भारापासून पूर्ण भारापर्यंत मोटरची कार्यक्षमता जवळपास सपाट असते, म्हणून ९३ चालेल. हाच भार ४० टक्के आला असता, तर प्लेटवरचा आकडा चालला नसता. मोटर कंपनीच्या तक्त्यातून कमी भाराची कार्यक्षमता घेऊन हिशेब पुन्हा करावा लागला असता.

भार करंटवरून काढू नका. पूर्ण भाराला ८० अँपिअर आणि आत्ता ४० अँपिअर, म्हणून भार अर्धा, हे खरे नाही. मोटर रिकामी फिरली तरी चुंबकीकरणासाठी बराच करंट घेते, त्यामुळे ४० अँपिअरला भार अर्ध्याहून कमी असतो.

मोटर रिवाइंड झालेली असेल, तर प्लेटवरच्या आकड्यातून एक-दोन टक्के कमी धरा आणि अहवालात तसे स्पष्ट लिहा. पट्ट्यावर चालणारा पंप असेल, तर पट्ट्यातला तोटाही शाफ्टच्या शक्तीतून वजा करायला हवा. कपलिंगने थेट जोडलेल्या पंपाला तो लागत नाही.

## टप्पा ७: कार्यक्षमता आणि तिच्यावर किती विसंबायचे

```
पंपाची कार्यक्षमता = २५.३ ÷ ३६.५ = ६९.३ टक्के
पंप-मोटर मिळून     = २५.३ ÷ ३९.२ = ६४.५ टक्के
```

हे दोन आकडे वेगळे आहेत आणि अहवालात दोन्ही नाव घालून लिहावेत. कंपनीचा कर्व्ह पंपाची एकट्याची कार्यक्षमता दाखवतो, त्याच्याशी ६४.५ ची तुलना केली तर पंपावर अन्याय होतो.

जुन्या तक्त्यातले ४७ टक्के आता समजतील: २०० × ३९ ÷ ३६७ म्हणजे २१.३, आणि त्याला थेट ४५ ने भागले होते.

आता चूक किती असू शकते ते पाहा. प्रवाहात दोन टक्के, आणि हेड, वीज व मोटरची कार्यक्षमता यांत प्रत्येकी दीड टक्का अनिश्चितता धरली, तर वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढल्यावर साधारण ३.३ टक्के येतात. म्हणजे आपले उत्तर ६९.३ च्या आजूबाजूला सुमारे सव्वादोन अंक इकडे-तिकडे असू शकते. त्यामुळे मागच्या वर्षी ७१ आणि यंदा ६९.५ आले, तर पंप बिघडला असे लिहू नका. कर्व्हवर ७८ आणि आपल्याकडे ६९ आले, तर मात्र ते खरे आहे.

## टप्पा ८: आकडा कर्व्हवर ठेवून कारण शोधा

नुसत्या टक्केवारीवरून दोष कळत नाही. हेड आणि प्रवाहाचा बिंदू कर्व्हवर टाका. त्याआधी टॅकोमीटरने फेरे मोजून ते कर्व्हच्या फेऱ्यांशी जुळतात का ते पाहा. फेरे कमी असतील, तर प्रवाह त्याच प्रमाणात आणि हेड त्याच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, मग दोष पंपाचा नसतो.

आमच्या पंपाला ४६.४ मीटरला कर्व्हप्रमाणे २१८ घनमीटर द्यायला हवे होते, मिळत होते २००. शाफ्टची शक्ती मात्र कर्व्हच्या शक्तीच्या आसपासच होती. याचा अर्थ इम्पेलर काम करतो आहे, पण त्याने ढकललेले थोडे पाणी आतल्या आत सक्शनकडे परत जाते. ही वेअरिंग रिंग झिजल्याची खूण. प्रवाह, हेड आणि शक्ती तिन्ही कमी असतील आणि गेजचा काटा थरथरत असेल, तर सक्शनमधून हवा ओढली जात असण्याची शक्यता आधी तपासा. बिंदू कर्व्हवर बरोबर बसतो पण शक्तीच जास्त लागते, असे दिसले तर ग्लँडला हात लावून पाहा. पॅकिंग जास्त आवळलेले असेल, तर ग्लँड गरम लागते आणि पाण्याचे ठिबकणे थांबलेले असते.

पंप उघडला तेव्हा वेअरिंग रिंगमधली फट व्यासावर १.४ मिलिमीटर निघाली, नवी असताना ती ०.५ असायला हवी होती. रिंग बदलून त्याच गेजवर, त्याच मीटरवर, त्याच क्रमाने पुन्हा रीडिंग घेतली: डिलिव्हरी ४.३ किलो, व्हॅक्युम २४० मिलिमीटर, प्रवाह २१६, वीज ३९.४ किलोवॅट. हेड ४७.८ मीटर, पाण्याची शक्ती २८.१ किलोवॅट, शाफ्टची ३६.६, कार्यक्षमता ७६.८ टक्के. घनमीटरला लागणारी वीज ०.१९६ युनिटवरून ०.१८२ वर आली. हा पंप रोज अठरा तास चालतो. आधी तो रोज जेवढे ३,६०० घनमीटर पाणी देत होता, तेवढ्याच पाण्याला आता दिवसाला साधारण ४९ युनिट कमी लागतात.